राफ्ट पायाचे गणित : नकाशातील मापांवरून काँक्रीट आणि पोलादी जाळी

हॅम्बर्ग शहराची जमीन दोन प्रकारची आहे आणि या शहरात पाया घालू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की भूखंड ‘मार्श’वर आहे की ‘गेस्ट’वर. एल्बे नदीच्या दोन्ही काठांना पसरलेला, भरती-ओहोटीच्या गाळाने घडलेला सखल प्रदेश म्हणजे मार्श. विल्हेल्म्सबुर्ग, फिरलांडे, नॉयनफेल्डे हे भाग त्यात येतात. वर चिकणमाती, तिच्याखाली कुजट वनस्पतींचा मऊ थर आणि बऱ्याच खोलीवर वाळू, असा तिथला क्रम असतो. राल्श्टेट किंवा नीनडॉर्फसारखी उपनगरे मात्र हिमयुगातील वाळू आणि गोटेमिश्रित मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे गेस्टवर, वसली आहेत. मार्शवरील वजनदार इमारतींना खांब खोल वाळूपर्यंत न्यावे लागतात. बंदरातील एल्बफिलहार्मनी हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्याखालच्या जुन्या गोदामाचे १,१११ खांब अपुरे ठरले म्हणून आणखी ६५० खांब घालण्यात आले.

घरामागची कार्यशाळा, गॅरेज, एकमजली कार्यालय अशा लहान बांधकामांसाठी जर्मनीत सर्रास वापरला जातो तो सलग काँक्रीटचा पाया. महाराष्ट्रातील बांधकाम व्यवसायात त्याला ‘राफ्ट’ म्हणतात, जर्मन भाषेत ‘बोडनप्लाटे’. नावाप्रमाणेच तो तराफा आहे. भिंतींचे वजन अरुंद पट्ट्यांवर न टाकता तो ते संपूर्ण क्षेत्रफळावर पसरवतो. भारतातून आलेली कुटुंबे येथे घर घेतात आणि परसात काही बांधायला काढतात, तेव्हा कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातील काँक्रीटचे घनमीटर आणि जाळ्यांची संख्या त्यांच्यासमोर येते. हे आकडे कुठून येतात आणि ते नकाशावरून स्वतः कसे पडताळावेत, याचा हा आढावा. पायाची जाडी, जाळीचा प्रकार आणि काँक्रीटची प्रत ठरविणे हे स्थापत्य अभियंत्याचे, म्हणजे येथील ‘श्टाटिकर’चे काम आहे. ते त्याच्याकडून ठरून आल्यावरच पुढील मोजदाद सुरू होते.

नकाशा वाचताना

उदाहरणासाठी गेस्टवरील एका भूखंडावर ७.२४ मीटर लांब आणि ४.९९ मीटर रुंद अशी एकमजली कार्यशाळा बांधायची आहे, असे धरू. ही मापे भारतीय वाचकाला विचित्र वाटतील. सव्वासात किंवा पाच मीटर असे सरळ आकडे का नाहीत? कारण जर्मन विटांचे बांधकाम साडेबारा सेंटिमीटरच्या पटीत चालते. त्यात सांध्याचा एक सेंटिमीटर धरलेला असतो. भिंतीच्या बाहेरील मापात शेवटचा सांधा नसतो, म्हणून साडेबाराच्या पटीतून एक सेंटिमीटर वजा होतो. ५८ पट केल्यास ७.२५ आणि त्यातून एक सेंटिमीटर गेल्यावर ७.२४, ४० पट केल्यास ५.०० आणि एक वजा जाता ४.९९. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मन नकाशात एक मीटरपेक्षा लहान मापे सेंटिमीटरमध्ये आणि मोठी मापे मीटरमध्ये लिहिण्याचा प्रघात आहे; मिलिमीटर वर लहान आकड्यात लिहितात. ३६ च्या डोक्यावर लहान ५ दिसला, तर ती भिंत साडेछत्तीस सेंटिमीटरची आहे. सगळी मापे मिलिमीटरमध्ये किंवा फूट-इंचांत वाचायची सवय असलेल्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते.

दुसरी तपासणी म्हणजे दाखवलेले माप कशाचे आहे, हे पाहणे. भिंतीच्या कच्च्या बांधकामाचे, गिलावा आणि उष्णतारोधक थर धरून झालेल्या बाहेरील कडेचे, की खुद्द पायाचे? अभियंत्याच्या पायाच्या आराखड्यात ‘बोडनप्लाटे’ची कडा स्वतंत्रपणे काढलेली असते आणि मोजणीसाठी तीच धरावी. आपल्या उदाहरणात पायाची कडा भिंतीच्या कच्च्या बाहेरील कडेशी जुळते. अभियंत्याने पुढील गोष्टी दिल्या आहेत : जाडी २५ सेंटिमीटर, काँक्रीट सी २५/३०, वर आणि खाली दोन्ही थरांत क्यू २५७ ए जाळी, जाळ्यांचा लॅप ३० सेंटिमीटर.

काँक्रीटच्या नावातील दोन आकडे गोंधळात टाकतात. पहिला नळकांडी नमुन्यावर मोजलेल्या ताकदीचा, दुसरा घनाकृती नमुन्यावरील ताकदीचा. भारतात घनाकृती नमुना वापरतात, म्हणून सी २५/३० हे साधारणतः एम ३० च्या बरोबरीचे समजावे. एम २५ च्या नव्हे.

काँक्रीटचा हिशेब

पायाच्या सलग भागाचे गणित सोपे आहे. ७.२४ गुणिले ४.९९ म्हणजे ३६.१३ चौरस मीटर, त्याला जाडी ०.२५ ने गुणले की ९.०३ घनमीटर. महाराष्ट्रात वाळू आणि खडी ब्रासमध्ये मोजण्याची सवय असलेल्यांसाठी, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, तेव्हा हे काँक्रीट ३.१९ ब्रास झाले. सळ्यांनी व्यापलेली जागा यातून वजा करायची नाही. या पायात लागणारे पोलाद सुमारे सव्वातीनशे किलो आहे आणि त्याचे आकारमान जेमतेम ०.०४ घनमीटर भरते. मलनिःसारणाच्या नळांनी व्यापलेली जागाही सोडून द्यावी.

हॅम्बर्गच्या हिवाळ्यामुळे या सलग भागाला एक जोड द्यावी लागते. माती गोठली की तिच्यातील पाणी फुगते आणि पायाची कड वर उचलली जाते; बर्फ वितळल्यावर ती पुन्हा खाली बसते. हे टाळण्यासाठी जर्मनीत साधारणपणे जमिनीखाली ८० सेंटिमीटरपर्यंत गोठणमुक्त खोली धरतात आणि पायाच्या कडेने काँक्रीटचा उभा पट्टा खाली सोडतात. त्याचे नाव ‘फ्रोस्टशुर्त्से’, शब्दशः गारठ्याचा एप्रन. भिंतींचे वजन तो पेलत नाही. ते काम राफ्टचे आहे. तो फक्त थंडीला आत शिरू देत नाही. महाराष्ट्रातील बांधकामात याला समांतर असे काही नाही, त्यामुळे तेथून सल्ला देणारे नातेवाईक हा भाग हमखास विसरतात.

आपल्या उदाहरणात राफ्टचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर आहे. जाडी २५ सेंटिमीटर, म्हणजे तळ जमिनीखाली १० सेंटिमीटरवर येतो. ८० सेंटिमीटर खोली गाठण्यासाठी पट्टा तळापासून आणखी ७० सेंटिमीटर खाली जायला हवा. त्याची रुंदी ३० सेंटिमीटर. आता लांबी. पायाचा परीघ २४.४६ मीटर आहे, पण तो धरून गुणाकार केल्यास चारही कोपरे दोनदा मोजले जातात. पट्ट्याची लांबी त्याच्या मध्यरेषेवर मोजावी : दोनदा ६.९४ आणि दोनदा ४.६९, एकूण २३.२६ मीटर. त्याला ०.३० आणि ०.७० ने गुणले की ४.८८ घनमीटर मिळतात. परिघाने मोजले असते तर ५.१४ आले असते. पाव घनमीटरचा हा फरक म्हणजे दोनदा मोजलेले चार कोपरेच. अंदाजपत्रकात ५.१४ दिसले, तर कंत्राटदाराची पद्धत लगेच कळते.

पट्ट्याच्या आतील क्षेत्रफळ ६.६४ गुणिले ४.३९, म्हणजे २९.१५ चौरस मीटर. तिथे सुपीक माती काढून खडीचा थर धुमसतात. त्यामुळे जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढत नाही. त्यावर पाच सेंटिमीटर पीसीसी, जे दीड घनमीटरला थोडे कमी पडते, आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद. खर्च वाचवायचा म्हणून पहिल्यांदा वगळला जातो तो हा पीसीसीचा थर. पण त्याच्याशिवाय सळ्यांना आधार मिळत नाही. ठोकळे खडीत रुततात, जाळी खाली जाते आणि कव्हर कमी होते. म्हणूनच युरोपीय मानकाच्या जर्मन पुरवणीत काँक्रीट पीसीसीवर ओतायचे की थेट मातीवर, यानुसार कव्हर वाढवण्याचा नियम आहे : पीसीसीवर दोन सेंटिमीटर, थेट मातीवर पाच. आराखड्यात खालचे कव्हर साडेपाच सेंटिमीटर लिहिले असेल आणि प्रत्यक्षात पीसीसी गाळले गेले, तर आराखडाच लागू राहत नाही.

पीसीसी वगळल्याने काँक्रीटचीही बचत होत नाही. ३६ चौरस मीटरच्या पायाचा तळ सरासरी एक सेंटिमीटर खाली गेला की ०.३६ घनमीटर काँक्रीट जास्त लागते. खडीवर दोन सेंटिमीटरचा चढउतार सहज असतो, तेव्हा पाऊण घनमीटर महागडे काँक्रीट खड्डे भरण्यात जाते. शटरिंग उभे राहिल्यावर त्याच्या वरच्या कडांवरून दोरी ताणावी आणि मीटर-दीड मीटर अंतराने खाली माप घ्यावे. वीस-पंचवीस मापांची सरासरी हीच पायाची खरी जाडी. आराखड्यातील २५ सेंटिमीटर ही केवळ इच्छा असते.

पीसीसी नीट घातलेले असेल, तर ९.०३ मध्ये पाच टक्के भर घालून साडेनऊ घनमीटर मागवणे योग्य. येथे व्यवहाराची एक अडचण येते. जर्मन रस्त्यांवरील ट्रान्झिट मिक्सर सहसा सात ते आठ घनमीटर आणतो, म्हणजे साडेनऊसाठी दोन फेऱ्या होतात आणि दुसरी फेरी अर्ध्याहून अधिक रिकामी येते. बहुतेक पुरवठादार अशा तोकड्या भरण्यावर जादा आकार लावतात. गेस्टवर जमीन घट्ट असेल आणि खणलेल्या चराच्या बाजू उभ्या राहत असतील, तर अभियंत्याच्या संमतीने पट्टा आणि राफ्ट एकाच दिवशी ओतणे किफायतशीर ठरते. दोन्ही मिळून १३.९१, भर धरून साधारण साडेचौदा घनमीटर, म्हणजे दोन गाड्या जवळजवळ भरून येतात. मात्र शुद्ध वाळूत चर ढासळतो. तिथे हा बेत सोडून पट्टा आधी, शटरिंग लावून, ओतावा. कोणत्याही पद्धतीत दुसऱ्या गाडीची मात्रा आधी पक्की सांगू नये. पहिली गाडी रिकामी झाल्यावर उरलेला भाग मोजून कारखान्याला दूरध्वनी करणे ही येथील जुनी आणि शहाणी रीत आहे.

जाळी : नावातच माप

महाराष्ट्रातील बांधकामावर राफ्टची जाळी सहसा जागेवरच बांधली जाते. आठ किंवा दहा मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांना टाकून, बाइंडिंग वायरने प्रत्येक छेद बांधून. जर्मनीत मजुरी महाग असल्याने लहान कामांवर कारखान्यात वेल्डिंग केलेल्या तयार जाळ्या येतात. त्यांना ‘लागरमाटे’ म्हणतात, म्हणजे गोदामात कायम ठेवलेली जाळी. क्यू २५७ ए ही ६.०० मीटर लांब आणि २.३० मीटर रुंद असते. ‘क्यू’ म्हणजे दोन्ही दिशांना सारखे पोलाद. ‘आर’ने सुरू होणाऱ्या जाळीत मुख्य पोलाद एकाच दिशेला असते आणि ती राफ्टसाठी घ्यायची नाही, कारण राफ्ट दोन्ही दिशांना वाकतो. २५७ हा आकडा म्हणजे एक मीटर रुंदीत असलेल्या सळ्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. सात मिलिमीटर व्यासाच्या सळीचा छेद ३८.५ चौरस मिलिमीटर, सळ्या १५ सेंटिमीटर अंतरावर, ३८.५ भागिले ०.१५ बरोबर २५७. भारतीय अभियंत्याने ‘आठ मिलिमीटर, १५० अंतराने, दोन्ही दिशांना’ असे सांगितले असेल, तर ते येथील क्यू ३३५ ए च्या बरोबरीचे होईल. सहा मिलिमीटर सांगितले असेल, तर क्यू १८८ ए.

वजनही हाताने काढता येते आणि त्यासाठी भारतातील प्रत्येक सुपरवायझरला पाठ असलेले सूत्र पुरते : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटर सळीचे किलो. सातचा वर्ग ४९, भागिले १६२, ०.३०२ किलो. एका जाळीत लांबीच्या दिशेने १६ सळ्या प्रत्येकी सहा मीटरच्या आणि आडव्या ४० सळ्या प्रत्येकी २.३० मीटरच्या, एकूण १८८ मीटर. गुणाकार केल्यावर ५६.८ किलो, आणि कारखान्याच्या तक्त्यातही नेमका हाच आकडा छापलेला असतो. गाडीतून उतरलेली जाळी मागवलेलीच आहे का, हे सळीचा व्यास मोजून किंवा गठ्ठ्याच्या वजनावरून कळते. सहा आणि सात मिलिमीटर नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. फरक पोलादाच्या चौथ्या हिस्स्याहून अधिक आहे.

सहा, सात की आठ

आता मुख्य प्रश्न. किती जाळ्या मागवाव्यात? सर्वांत सोपा हिशेब क्षेत्रफळाचा. दोन थर म्हणजे ७२.२६ चौरस मीटर. एका जाळीचे क्षेत्रफळ १३.८०, भागाकार ५.२४, म्हणून सहा जाळ्या. अनेक इंटरनेट-गणकयंत्रे एवढेच करतात. हा आकडा चुकीचा आहे, कारण जाळ्या कडेला कड लावून ठेवता येत नाहीत. एका जाळीतील ताण दुसरीत जायचा, तर त्या एकमेकींवर चढायला हव्यात, आणि हे चढणे, म्हणजे लॅप, क्षेत्रफळात कुठेच दिसत नाही.

लॅप किती असावा, हे सळीचा व्यास आणि काँक्रीटची प्रत ठरवतात. सळी काँक्रीटला जितकी घट्ट धरून राहते तितका लॅप कमी लागतो. सी २५/३० मध्ये सात मिलिमीटरच्या सळीला मानकाप्रमाणे सुमारे २८ सेंटिमीटर लागतात. अभियंत्याने जाळीच्या दोन पूर्ण खणांइतके, म्हणजे ३० सेंटिमीटर लिहिले आहेत. कोणी स्वस्ताईसाठी सी २०/२५ मागवले, तर गरज ३३ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि खाली मांडलेली सगळी रचना मोडते. काँक्रीटची प्रत आणि जाळीचा हिशेब असे एकमेकांत अडकलेले असतात. कंत्राटदार मात्र त्यांना दोन वेगळ्या ओळींत लिहितो.

जाळ्या पायाच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे ४.९९ मीटरच्या बाजूला समांतर ठेवू. दोन्ही कडांना साडेतीन सेंटिमीटर कव्हर सोडून उरते ४.९२ मीटर. सहा मीटरची जाळी तेवढ्यावर कापली की या दिशेला एकही लॅप नाही. दुसऱ्या दिशेला ७.२४ मीटर झाकायचे आहेत. पहिली जाळी २.३० झाकते, पुढची प्रत्येक जाळी ३० सेंटिमीटर मागे सरकून ठेवल्यामुळे फक्त दोन मीटरची भर घालते. तीन जाळ्यांनी ६.३० मीटर होतात. साडेतीन सेंटिमीटर कव्हर काटेकोर धरले, तर झाकायचे अंतर ७.१७, म्हणजे चौथ्या जाळीची पट्टी ८७ सेंटिमीटर अधिक लॅप ३०, एकूण १.१७ मीटर रुंद हवी. दोन थरांच्या दोन पट्ट्या मिळून २.३४. एका जाळीची रुंदी २.३०. चार सेंटिमीटर कमी पडतात आणि कागदावर हिशेब करणारा माणूस आठवी जाळी लिहून मोकळा होतो.

जाळीची रचना पाहिली तर वाट निघते. १६ लांब सळ्यांची जाळी बरोबर मधोमध, आठव्या आणि नवव्या सळीच्या दरम्यान कापली की प्रत्येकी १.१५ मीटरच्या, आठ-आठ सळ्यांच्या दोन सारख्या पट्ट्या मिळतात. तीन पूर्ण जाळ्या आणि अशी एक पट्टी, तीन लॅप वजा जाता, ७.१५ मीटर होतात. पाया ७.२४ आहे, म्हणजे दोन्ही टोकांना कव्हर साडेतीनऐवजी साडेचार सेंटिमीटर. कव्हर एक सेंटिमीटरने वाढल्याने येथे काही बिघडत नाही. कमी होणे वाईट. प्रत्येक थरात तीन पूर्ण जाळ्या आणि दोन्ही थरांसाठी मिळून एक कापलेली, एकूण सात. वजन ३९७.६ किलो. त्यातून कापून उरलेले १.०८ मीटरचे तुकडे वगळता पायात जाते सुमारे ३२६ किलो. उरलेले पोलाद म्हणजे जवळजवळ अठरा टक्के. पण ते तुकडे सव्वादोन मीटर रुंद असतात आणि नळांच्या छिद्रांभोवती जादा जाळी हवी असल्यास उपयोगी पडतात, म्हणून काँक्रीट ओतेपर्यंत टाकून देऊ नयेत.

लांबीच्या दिशेने जाळ्या ठेवूनही सातमध्ये भागते. मात्र तुकडे अधिक होतात, आणि जिथे चार जाळ्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे एकावर एक चार थर चढतात. प्रत्येक जाळीची जाडी दोन सळ्यांची, १४ मिलिमीटर. चार थर म्हणजे साडेपाच सेंटिमीटरहून अधिक, आणि तेवढ्याने वरचे कव्हर खाऊन टाकले जाते. रुंदीच्या मांडणीत हा प्रश्नच येत नाही. त्यातही एक दक्षता घ्यावी. खालच्या थरात अर्धी पट्टी पश्चिमेकडे ठेवली असेल, तर वरच्या थरात ती पूर्वेकडे ठेवावी. मग दोन थरांचे लॅप एकमेकांवर येत नाहीत.

वरची जाळी हवेत कशी राहते

खालच्या जाळीखाली सिमेंटचे ठोकळे असतात; ते भारतात ‘कव्हर ब्लॉक’ म्हणून सर्वपरिचित आहेत. वरच्या जाळीला आधार देण्यासाठी येथे तारेचे नागमोडी घोडे मिळतात, सहसा दोन मीटर लांबीचे. त्यांची उंची पायाच्या जाडीवरून थेट मागवता येत नाही. २५ सेंटिमीटरमधून खालचे कव्हर ५.५, खालची जाळी १.४, वरची जाळी १.४ आणि वरचे कव्हर ३.५ वजा केले की उरतात १३.२. म्हणून १३ सेंटिमीटरचे घोडे घ्यावेत, पंधराचे नव्हे. सात मिलिमीटरच्या जाळीला ते सुमारे ७० सेंटिमीटर अंतराने लावतात. अकरा रांगा, प्रत्येकी ४.९ मीटर, म्हणजे दोन मीटरचे २७ नग. अंदाजपत्रकात या वस्तूची ओळ नसेल, तर कंत्राटदार वरची जाळी कशावर ठेवणार, हे आधी विचारून घ्यावे. विटांचे तुकडे, लाकडाचे ठोकळे किंवा ‘ओतताना आकड्याने वर ओढू’ हे उत्तर मिळाले, तर काँक्रीटच्या दिवशी ती जाळी मजुरांच्या पायांखाली तळाशी जाणार, हे समजावे. तळाशी दोन जाळ्या आणि माथ्यावर एकही नाही, असा राफ्ट भिंतींमधल्या भागात माथ्यावर चिरतो. त्या भेगा पहिल्या हिवाळ्यानंतर फरशीतून दिसू लागतात.

पायाच्या मोकळ्या कडांना यू आकाराच्या सळ्या हव्यात का, हे आराखड्यात पाहावे. त्या असतील तर त्यांची स्वतंत्र यादी असते आणि जाळीच्या वजनात त्या येत नाहीत. वीजजोड असलेल्या नव्या इमारतीला पायातच, किंवा पायाभोवतीच्या मातीत, अर्थिंगचा वेढा घालण्याचे जर्मन मानक आहे. त्याचा क्रमांक डीआयएन १८०१४. हे काम वीजतज्ज्ञाने काँक्रीटच्या आधी करून त्याची नोंद व छायाचित्रे द्यायची असतात. ते राहून गेले, तर नंतर करण्याचा मार्ग महागडा आहे.

हाच हिशेब मार्शवर

हे सर्व आकडे विल्हेल्म्सबुर्गमध्येही तसेच येतील, पण त्यांचा अर्थ बदलेल. राफ्टचे स्वतःचे वजन घनमीटरला अडीच टन धरून २२.६ टन होते. वरचे बांधकाम आणि वापराचे ओझे मिळून ४५ टन आहे, असे गृहीत धरू. हे ४५ टन ३० सेंटिमीटर रुंद पट्ट्यांवर टाकले असते, तर जमिनीवर चौरस मीटरला सुमारे साडेसहा टन भार आला असता. राफ्टवर तो सव्वा टनावर येतो. राफ्टचे वजन धरूनही पावणेदोन ते दोन टनांच्या मध्ये. गेस्टच्या वाळूला हा भार किरकोळ आहे. मार्शमधील मऊ, कुजट थराला मात्र एवढाही पुरेसा असतो. तो वर्षानुवर्षे दबत राहतो, आणि थराची जाडी भूखंडाच्या एका टोकाला जास्त असेल, तर संपूर्ण राफ्ट अभंग राहून एका बाजूला कलतो. जाळी वाढवून हा कल थांबत नाही. पोलाद भेगांना आवरते, जमिनीला नाही. तिथे मातीची तपासणी करून खांब घालायचे की माती बदलायची, हे ठरवावे लागते.

खोदकामापूर्वीची हॅम्बर्गची आणखी एक खास अट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील न फुटलेल्या बॉम्बची. शहरावर झालेल्या बॉम्बवर्षावामुळे अनेक भूखंड संशयित यादीत आहेत आणि चौकशी अग्निशमन दलाच्या संबंधित विभागाकडे करावी लागते. ८० सेंटिमीटरचा चर हेही खोदकामच. भाड्याच्या बागेत, म्हणजे ‘क्लाइनगार्टन’मध्ये, झोपडी बांधू पाहणाऱ्यांनी मात्र राफ्टचा विचार करण्यापूर्वी संघटनेची नियमावली वाचावी. केंद्रीय कायद्याने अशा झोपडीला झाकलेल्या ओट्यासह २४ चौरस मीटरची मर्यादा आहे, आणि अनेक संघटना सलग काँक्रीट घालूच देत नाहीत, कारण बाग सोडताना ते उखडून न्यावे लागते.

काँक्रीट आले की गाडीवाल्याकडून मिळणारी पावती ओतण्यापूर्वी वाचावी. तिच्यावर प्रत, मात्रा, घट्टपणाचा वर्ग आणि कारखान्यातून निघण्याची वेळ छापलेली असते. सी २५/३० च्या जागी सी २०/२५ आढळले, तर गाडी परत पाठवण्याचा हक्क त्याच क्षणापुरता असतो. काँक्रीट घट्ट वाटले म्हणून मजुराने नळीने पाणी मिसळू लागल्यास थांबवावे. ताकद त्यातच जाते, आणि पावतीवरची प्रत त्या पाण्यानंतर कारखाना मान्य करत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात पारा पाच अंशांखाली जाणार असेल, तर एकतर तारीख पुढे ढकलावी किंवा उष्णतारोधक चटया आधीच जागेवर आणून ठेवाव्यात. ओतून झाल्यावर पहिले काही दिवस पृष्ठभाग झाकलेला राहिला पाहिजे. हॅम्बर्गमध्ये उन्हापेक्षा वाऱ्याने काँक्रीट लवकर सुकते, आणि पावसाळी दिवस आहे म्हणून कागद न टाकणाऱ्यांच्या पायावर दुसऱ्या सकाळी केसासारख्या भेगांचे जाळे उमटलेले दिसते.